नऊ दिवस घरी, बिल तीस दिवसांचे

दिवाळीला मुलगा नऊ दिवस गावी जाऊन येतो. परत आल्यावर वसतिगृहाच्या फळ्यावर मेसचे बिल लागलेले असते, पूर्ण महिन्याचे, २,७०० रुपये. तो २,७०० ला ३० ने भागतो, दिवसाला ९० रुपये येतात, नऊ दिवसांचे ८१० होतात, आणि तेवढे कमी करा म्हणून तो मेसवाल्याकडे जातो. मेसवाला म्हणतो, काहीच कमी होणार नाही. तुझ्यासाठी स्वयंपाकी बसवून ठेवला होता, त्याचा पगार कोण देणार?

हा वाद सातपूरला दर महिन्याला कुठे ना कुठे होतो. त्र्यंबक रस्त्यावर शासकीय आयटीआय आहे, मागे औद्योगिक वसाहत आहे, आणि सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून, शिवाय धुळे-नंदुरबारहून आलेली मुले इथे शिकतात किंवा कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून लागतात. कोणी वसतिगृहात राहतो, कोणी चौघांत मिळून खोली घेतो आणि जवळच्या खानावळीत मेस लावतो. घर एसटीच्या एका बसच्या अंतरावर असल्याने दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी गावी जाणे होतेच. त्यामुळे खाड्याचा प्रश्न इथे सुट्टीपुरता नाही, तो बारमाही आहे.

वरच्या वादात ८१० मागणारा मुलगाही चुकतो आणि शून्य देणारा मेसवालाही चुकतो. बरोबर आकडा या दोन्हींच्या मधे असतो. तो नेमका कुठे असतो हे कळले की भांडण निम्मे मिटते.

## ताटाच्या किमतीतले दोन भाग

मेसचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक भाग जेवणाऱ्यांच्या संख्येबरोबर हलतो: कणीक, तांदूळ, डाळ, भाजी, तेल आणि बऱ्याच अंशी गॅस. याला आपण शिध्याचा खर्च म्हणू. दुसरा भाग हलत नाही. स्वयंपाकी, पोळ्या लाटणाऱ्या मावशी, भांडी घासणारा मुलगा यांचे पगार, जागेचे भाडे, विजेचे बिल. पंगतीत तीस बसले काय आणि चाळीस बसले काय, हा खर्च तेवढाच राहतो. याला मेसच्या भाषेत आस्थापना खर्च म्हणतात.

हिशेबासाठी एक वसतिगृह धरू. चाळीस मुले आहेत. आस्थापना खर्च महिन्याला ३६,००० रुपये, म्हणजे डोक्यामागे ९००. शिधा प्रत्येक हजर मुलामागे दिवसाला ६० रुपयांचा लागतो. महिनाभर सगळे हजर असतील तर एका मुलाचे शिध्याचे १,८०० आणि आस्थापनेचे ९०० मिळून २,७०० होतात. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत. तुमच्या मेसचे वेगळे असतील, पण मांडणी हीच राहील.

आता हा मुलगा नऊ दिवस नव्हता. त्याच्या नसण्याने मेसचे वाचले काय? नऊ दिवसांचा शिधा, नऊ गुणिले साठ, म्हणजे ५४० रुपये. मावशींचा पगार वाचला नाही, भाडेही वाचले नाही. म्हणून रास्त वजावट ५४० ची आणि रास्त बिल २,१६० चे. ८१० मागताना मुलगा नकळत मावशींच्या पगारातला आपला वाटाही परत मागत होता. शून्य देताना मेसवाला न शिजवलेल्या अन्नाचे पैसे ठेवून घेत होता.

मुलांना ५४० हा आकडा एकदम पटत नाही हे मला माहीत आहे. पण तो मागण्यात एक मोठा फायदा असतो. त्या आकड्याला मेसवाल्याकडे उत्तर नसते. ‘पगार कोण देणार’ हा त्याचा एकमेव खरा मुद्दा तुम्ही आधीच मान्य केलेला असतो.

## वाटणीच्या मेसमध्ये पैसे कोणाच्या खिशातून जातात

अनेक वसतिगृहांत मेस मुलेच चालवतात. महिन्याचा एकूण खर्च काढायचा, सगळ्यांच्या हजेरीचे दिवस मोजायचे, भागाकार करून दिवसाचा दर ठरवायचा. दिसायला हे अगदी न्याय्य आहे, पण खाडे मोठे असले की त्यात एक गफलत होते.

आपल्या चाळिसांपैकी दहा मुले दिवाळीला नऊ-नऊ दिवस गेली असे समजा. एरवी हजेरीचे १,२०० दिवस भरतात, त्यातून ९० गेले, उरले १,११०. शिध्याचा खर्च ६६,६०० वर आला. आस्थापनेचे ३६,००० तसेच राहिले. एकूण १,०२,६०० रुपये. ते १,११० ने भागले की दिवसाचा दर साधारण ९२ रुपये ४३ पैसे पडतो. घरी गेलेल्या मुलाने एकवीस दिवसांचे १,९४१ भरायचे आणि महिनाभर राहिलेल्याने २,७७३.

म्हणजे जे तीसजण कुठेही गेले नाहीत त्यांना नेहमीपेक्षा ७३ रुपये जास्त पडले. गेलेल्या दहाजणांना रास्त बिलापेक्षा २१९ रुपये कमी पडले. तीस गुणिले ७३ करा किंवा दहा गुणिले २१९ करा, उत्तर २,१९० च येते. एका गटाची सवलत दुसऱ्या गटाने भरली. मागे राहणाऱ्यांत बहुधा ज्यांना परीक्षा आहे किंवा ज्यांचे घर फार लांब आहे अशी मुले असतात. त्यांच्यावर हा बोजा पडणे मला अजिबात बरोबर वाटत नाही.

उपाय सोपा आहे. आस्थापना खर्च आधी सगळ्यांत सारखा वाटून टाकायचा आणि फक्त शिध्याचा खर्च हजेरीने भागायचा. मग गेलेल्याचे बिल २,१६० येते, राहिलेल्याचे २,७०० च राहते, कोणावर कोणाचा भार पडत नाही. मेस कमिटीने वर्षाच्या सुरुवातीलाच हे ठरवून घेतले तर दिवाळीनंतरच्या बैठका शांततेत होतात.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायला हवा. सुट्टीत मेस पूर्ण बंद राहिली आणि स्वयंपाक्यांना त्या दिवसांचा पगार दिला गेला नाही, तर आस्थापना खर्चही तेवढा वाचलेला असतो. अशा वेळी ९०० चा वाटाही त्या प्रमाणात कमी व्हायला हवा. म्हणून ‘मेस चालू होती की बंद’ हा प्रश्न आधी विचारावा, आकडेमोड नंतर.

## आधी सांगणे इतके महत्त्वाचे का

शिध्याचे ५४० रुपये वाचतात खरे, पण ते आपोआप वाचत नाहीत. स्वयंपाकघराला वेळेत कळले तरच वाचतात.

संध्याकाळी साडेपाचला परातीत कणीक पडते ती माणसे मोजून. माणशी चार पोळ्या धरल्या तर चाळीसजणांच्या एकशे साठ पोळ्यांची कणीक भिजते. भाजी सकाळीच आणून चिरलेली असते. सहा वाजता कोणी दारातून डोकावून ‘मावशी, मी रात्री नाही’ म्हणाला तर त्याच्या वाट्याचे अन्न झालेलेच असते. रात्री ते उरते. दुसऱ्या दिवशी फोडणीच्या पोळीत थोडेफार खपते, बाकी वाया जाते. हाच निरोप आदल्या दिवशी मिळाला असता तर भाजी कमी आली असती, कणीक कमी भिजली असती. किराणा डब्यात तसाच राहिला असता.

घरच्या दुधाचे असेच असते. उद्या नको म्हणून आज सांगितले तर दूधवाला ते लिटर दुसऱ्या दारी घालतो आणि कॅलेंडरवर खाडा मांडतो. माप ओतायला तो दारात उभा असताना सांगितले तर पैसे द्यावेच लागतात.

यातून खाड्याच्या नियमांमागचे कारण कळते आणि त्यांतला कोणता नियम रास्त, कोणता नाही हेही पारखता येते. ‘एक दिवस आधी सांगा’ हा नियम रास्त आहे, कारण भाजी रोज येते. ‘सलग तीन दिवस नसाल तरच खाडा’ हा नियम अर्धवट रास्त आहे. एका वेळेच्या खाड्याने भांड्यातल्या अंदाजात फारसा फरक पडत नाही आणि रोजची नोंद ठेवायलाही कष्ट पडतात. पण ‘सलग सात दिवस’ किंवा ‘खाडाच नाही’ या नियमांना स्वयंपाकघरात काही आधार सापडत नाही. दोन-तीन दिवसांचा शिधा आधी कळवल्यावर नक्की वाचतो. तो वाचलेला शिधा मेसवाल्याने का ठेवून घ्यावा? असे नियम सगळ्यांत जास्त कोणाला लागतात ते पाहा. शनिवार-रविवार शेतात हात लावायला गावी जाणारा पेठ-सुरगाण्याचा मुलगा महिन्यात दोन वेळा तीन-तीन दिवस जातो, सलग सात दिवस कधीच जात नाही. त्याचे सहा दिवस दर महिन्याला बुडतात.

वसतिगृहाने स्वतःच सुट्टीचे परिपत्रक काढले असेल तर मात्र प्रत्येकाने वेगळा निरोप देण्याची अट निरर्थक ठरते. कोणत्या तारखेपासून पंगत ओस पडणार हे मेसवाल्याला आधीच माहीत असते. ते परिपत्रकच तुमची पूर्वसूचना असते.

## दिवस मोजायचे की वेळा

खाडा मान्य झाला तरी मोजणीवर पुन्हा अडते. शुक्रवारी सकाळी जेवून गेलेला मुलगा रविवारी रात्रीच्या जेवणाला परत आला. त्याची शुक्रवार रात्र, शनिवारच्या दोन्ही वेळा आणि रविवार सकाळ, अशी चार जेवणे चुकली. वेळा मोजल्या तर दोन दिवसांचा खाडा होतो. ‘पूर्ण दिवस’ मोजला तर एकटा शनिवार उरतो. सलग तीन दिवसांची अट असेल तर काहीच उरत नाही. एकाच प्रवासाची तीन उत्तरे येतात, आणि तिन्ही ठिकाणी कोणी खोटे बोललेले नसते. म्हणून मेस लावतानाच विचारून घ्यावे: मोजणी वेळेची की दिवसाची, जायचा-यायचा दिवस कसा धरता, आणि रविवारी रात्री मेस बंद राहत असेल तर ती वेळ महिन्याच्या हिशेबात आधीच वगळली आहे का?

सातपूरच्या खानावळींतली कार्डाची पद्धत या बाबतीत सरळ वाटते. पैसे साठ जेवणांचे घेतात, कार्डावर साठ घरे असतात, जेवलात की खूण होते. गावी गेलात तर घरे रिकामी राहतात आणि महिना तेवढा पुढे सरकतो. रोख परत मिळत नाही, पण जेवण बुडत नाही. यात दोन गोष्टी तपासाव्यात. कार्डाला मुदत किती, आणि शहर सोडताना उरलेल्या घरांचे काय? आयटीआयचा शेवटचा पेपर संपला की मुलगा परत येणार नसतो, त्याला पुढे सरकलेल्या महिन्याचा उपयोग नाही. शेवटच्या महिन्यात पूर्ण कार्ड न घेता पंधरवड्याचे मागावे, नाहीतर उरलेल्या जेवणांचे रोख देण्याचे आधी कबूल करून घ्यावे.

शिकाऊ उमेदवारांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. मोठ्या कारखान्यांना कायद्याने उपाहारगृह ठेवायला लावता येते, त्यामुळे मोठ्या कंपनीत लागलेल्या मुलाचे एक जेवण बहुधा तिथेच होते. तरीही वसतिगृहाचे बिल दोन वेळांचे येत राहते. हा खाडा नाहीच, ही कायमची एक वेळ आहे. तिच्यासाठी रोज खाडा मागत बसण्यापेक्षा कंपनीचे प्रशिक्षणाचे पत्र जोडून ‘एक वेळची मेस’ करून घ्यावी. शिफ्ट आठवड्याने बदलत असेल तर कोणत्या आठवड्यात कोणती वेळ नको ते शिफ्टच्या तक्त्यासह द्यावे.

## खोलीभाडे या हिशेबात धरू नये

खोलीचे भाडे खाड्यात मागू नये. तुम्ही गावी असताना तुमची खाट दुसऱ्याला दिलेली नसते, तुमचे सामान कपाटात असते, खोली तुमच्यासाठीच अडकलेली असते. तिथे मालकाचे काहीच वाचत नाही. भाडे आणि जेवण मिळून एकच रक्कम घेणाऱ्या खासगी वसतिगृहांत म्हणूनच पावतीवर दोन्ही वेगळे लिहून मागावे. एकत्र आकड्यातून शिधा शोधून काढणे नंतर अवघड जाते.

संस्थेनेच दार बंद केले तर गोष्ट बदलते. कोरोनाच्या टाळेबंदीत हा प्रश्न देशभर उठला. राजस्थानातल्या खासगी शाळांच्या शुल्काच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२१ रोजी निकाल दिला. शाळा बंद असताना ज्या सुविधांवर खर्चच झाला नाही त्यांचे पैसे घेणे ही नफेखोरी होईल, असा विचार त्यामागे होता, आणि त्या वर्षाच्या शुल्कात १५ टक्के कपात करायला सांगितली गेली. तो निकाल शाळांपुरता होता, मेसच्या बिलाला तो थेट लावता येत नाही. पण त्यातला विचार आपल्या ५४० रुपयांच्या हिशेबासारखाच आहे: जे खर्चलेच नाही ते घेऊ नका.

## अर्ज कसा लिहावा

तोंडी बोलण्यातून मेसवाल्याचा आणि मुलाचा संबंध बिघडतो, आणि हिशेब होत नाही. चार ओळींचा अर्ज पुरतो. जाण्याआधी मेसवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकून ठेवावा, त्यावर तारीख-वेळ आपोआप येते. परतल्यावर अर्ज असा द्यावा:

> विषय: मेसबिलात खाड्याची वजावट मिळण्याबाबत
>
> मा. रेक्टर यांस,
>
> मी दि. … च्या सकाळच्या जेवणानंतर गावी गेलो व दि. … च्या रात्रीच्या जेवणास परत आलो. मधल्या … वेळा मी मेसमध्ये जेवलो नाही. याची सूचना मी दि. … रोजी मेसचालकांना दिली होती. चालू महिन्याचे बिल पूर्ण हजेरीचे लागले आहे. आस्थापना खर्चातील माझा वाटा कायम ठेवून शिध्याच्या दराने वजावट करावी व ती पुढील बिलात दाखवावी, ही विनंती.
>
> सोबत: गेटपासची प्रत, सूचनेची प्रत, बिलाची प्रत.

सगळ्यांत वजनदार पुरावा गेटपासाची किंवा फाटकावरच्या वहीतली नोंद. ती वसतिगृहाचीच असल्याने ती नाकारता येत नाही. एसटीचे तिकीट उपयोगी असते, पण त्यावरची शाई लवकर उडते, फोटो काढून ठेवावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

ठेकेदाराची मेस असेल तर उत्तर असे येऊ शकते की ‘करारात किमान संख्या ठरली आहे’. म्हणजे चाळीस मुलांच्या वसतिगृहात पंगतीला बत्तीसपेक्षा कमी आले तरी ठेकेदाराला बत्तीसजणांचे मिळणार. दहा मुले गेली तर सूट आठजणांचीच मिळते. नऊ दिवसांचे आठजणांचे मिळून बहात्तर दिवस, साठच्या दराने ४,३२० रुपये, ते दहाजणांत वाटले की प्रत्येकी ४३२. इथे ५४० चा हट्ट धरून उपयोग नाही. पण ४३२ तरी द्यायलाच हवेत. ‘किमान संख्या’ हे शब्द शून्य वजावटीचे कारण म्हणून वापरले जात असतील तर करार दाखवायला सांगावा. शासकीय वसतिगृह असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून कराराची आणि हजेरीपटाची प्रत मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

## ऐकले नाही तर

महाविद्यालय किंवा विद्यापीठाचे वसतिगृह असेल तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी ती ठेवणे बंधनकारक केले आहे. आयटीआय या नियमांत येत नाही. तिथे प्राचार्य आणि त्यांच्यावर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण खाते हा मार्ग आहे.

खासगी खानावळ किंवा खासगी वसतिगृह असेल तर मुलगा सरळ ग्राहक असतो. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येतात की नाही यावर न्यायालयांत बराच खल झाला आहे, पण पैसे घेऊन जेवण पुरवणाऱ्या खानावळीबद्दल तो प्रश्न उद्भवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे नोंदवलेली तक्रार समोरच्याकडे पाठवली जाते आणि लहान रकमा बऱ्याचदा तिथेच सुटतात. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. पाचशे रुपयांसाठी तिथे कोणी जाऊ नये. पण हजारोंची अनामत अडकवून ठेवली असेल तर जरूर जावे.

## पैसे थेट मुलाच्या हाती आले तर?

आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत २०१८ साली वेगळा प्रयोग सुरू झाला. मेस चालवण्याऐवजी जेवणाची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात टाकायची. खाड्याचा प्रश्न यात मुळातूनच सुटायला हवा होता, कारण न जेवलेल्या दिवसाचे पैसे मुलाकडेच राहतात. तरीही त्याच वर्षी जुलैत विद्यार्थ्यांनी या योजनेविरुद्ध पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास भवनाच्या दिशेने पायी मोर्चा काढला. पैसे वेळेवर आले नाहीत तर खायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदी खरा होता. खानावळीला महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ द्यावे लागतात. अनुदान उशिरा आले की उधारी होते, आणि उधारीवर जेवणारा मुलगा खानावळीच्या मालकाकडे खाडा कोणत्या तोंडाने मागणार? हिशेबात तो बरोबर असतो, पण बोलायची जागा त्याने गमावलेली असते.

अशा मुलाने खाडे तोंडी न मागता स्वतःच्या वहीत वेळेनुसार लिहीत जावे, दर वेळी निरोप टाकावा, आणि अनुदान जमा झाल्यावर उधारी फेडताना तोच कागद समोर ठेवून शिध्याच्या दराने वजावट करून घ्यावी. फेडल्यानंतर काही मागणे अवघड जाते. फेडतानाच मालकाकडून ‘अमुक तारखेपर्यंत हिशेब पूर्ण’ असे पावतीवर लिहून घ्यावे.